ब्लाउज खांद्यावरून घसरतोय? छाती कमी करू नका, आधी तीरा पुन्हा मोजा

श्रावण लागायच्या आठवडाभर आधी वरच्या मजल्यावरच्या वहिनी तीन ब्लाउज आणि एक साडी घेऊन आमच्याकडे आल्या. तिन्ही ब्लाउज त्यांनी स्वतः बेतलेले, स्वतः शिवलेले, आणि तिन्ही बिघडलेले. साडी माहेश्वरी होती, नवी. तिचा ब्लाउजपीस अजून कात्री न लागलेला. "ताई, हा चौथा आहे. हा बिघडला तर असा कपडा पुन्हा मिळायचा नाही," त्या म्हणाल्या. खरंच होतं ते. साडीतला ब्लाउजपीस म्हणजे जेमतेम ऐंशी सेंटीमीटर. त्यात बाह्या, पट्ट्या सगळं बसवायचं, चुकीला जागाच नाही.

तक्रार एकच. बाही खांद्यावर बसत नाही, दंडावर उतरते आणि सारखी वर ओढून घ्यावी लागते. पहिला ब्लाउज तसा झाला म्हणून त्यांना वाटलं एकूणच सैल झाला असेल, तेव्हा दुसऱ्यात छातीचं माप ३६ वरून ३५ केलं. आता समोर हुकांमध्ये फटी पडल्या, आणि खांदा होता तसाच घसरत राहिला. तिसऱ्यात मागच्या गळ्याला डोरी लावली. डोरी बांधली की उभं असताना बरं दिसतं, पण हात वर केला की बाही पुन्हा खाली.

इंदूरला बरीच घरं अशी आहेत जिथे मास्टरजींच्या खेपा चुकवायला बायका घरीच मशीन चालवतात, त्यामुळे हा प्रकार मी दरवर्षी पाहते. दर वेळी शेवटी सापडते ती एकच गोष्ट: छाती बरोबर असते, तीरा चुकलेला असतो. आणि तीरा चुकतो कारण तो एकटीने मोजलेला असतो.

तीरा म्हणजे एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या खांद्याच्या हाडापर्यंत, मानेच्या मागच्या उंच मणक्यावरून घेतलेलं माप. आपल्याकडचे शिंपी हाच शब्द वापरतात. मराठी पुस्तकात याला शोल्डर म्हटलेलं असतं आणि मानेच्या कडेपासून हाडापर्यंतच्या एका बाजूच्या लांबीलाही शोल्डरच म्हटलेलं असतं. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. म्हणून मी या लेखात आख्ख्या मापाला तीरा म्हणणार आणि एका बाजूच्या मापाला खांद्याची लांबी. तुम्हीही वहीत दोन्ही वेगळ्या नावांनी लिहा.

वहिनींची वही

त्यांच्या वहीत होतं: छाती ३६, कंबर ३३, सीट ३९, तीरा १५½, खांद्याची लांबी ४½. (सीट म्हणजे नितंबांचा घेर, शिंप्याच्या दुकानात तोच शब्द चालतो.)

मी अंगाला टेप लावायच्या आधी वहीवरच एक वजाबाकी केली. तीऱ्यातून खांद्याची लांबी दोनदा वजा करायची. जे उरेल ते मानेच्या बुडाची रुंदी. प्रौढ बाईच्या मानेचं बूड पाच ते साडेपाच इंच रुंद असतं, त्याच्या आसपास उत्तर आलं पाहिजे. खांदा थोडा उतरता असतो, त्यामुळे ही वजाबाकी काटेकोर नाही, एक-दोन सूत इकडेतिकडे होतं. पण वहिनींचं उत्तर होतं १५½ वजा ९, म्हणजे ६½. इतकी रुंद मान त्यांची नाही. म्हणजे दोनांपैकी एक माप नक्की खोटं. नवीन मापं घ्यायच्या आधी जुन्या वहीवर ही वजाबाकी प्रत्येकीने करून पाहावी. वेळ लागत नाही आणि कपडाही लागत नाही.

"हे माप कसं घेतलंत ते करून दाखवा," मी म्हटलं. त्यांनी डावा कोपर वर करून टेपचं टोक डाव्या खांद्यावर धरलं, टेप मानेमागून फिरवली आणि उजव्या हाताने उजव्या खांद्यावर ओढून आरशात पाहिलं. दोन्ही कोपर कानाच्या पातळीला. चूक तिथेच दिसली.

कोपर वर गेला की खांद्यावरचा गोल स्नायू फुगून वर येतो आणि हाडाचं टोक त्याच्याखाली दडतं. बोटाला लागतो तो फुगीर भाग. आपण टेप तिथे धरतो, म्हणजे खरं तर दंडावर. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच असं सरकलं की १४ चे १५½ होतात. शिवाय आरशात आकडा वाचायला मान वळवली की एक खांदा पुढे येतो आणि पाठ रुंदावते. म्हणजे ज्या हातांनी मोजायचं तेच हात माप बिघडवतात. छातीचं आणि कमरेचंही काही प्रमाणात असंच होतं, पण खांद्याइतकं नाही.

छाती कमी केल्याने खांदा का सुधारला नाही

कागदावर ब्लाउज काढताना छातीच्या मापातून बाजूची रेषा ठरते, आणि तीऱ्याच्या निम्म्यातून खांद्याचं टोक. या दोन जागा वेगळ्या आहेत. वहिनींनी ३६ चे ३५ केले तेव्हा प्रत्येक चौथाईतून पाव इंच गेला, सगळा काखेखाली. खांद्याचं टोक मात्र मधल्या रेषेपासून ७¾ इंचांवरच राहिलं, जेव्हा त्यांचं हाड ७ इंचांवर आहे. ती पाऊण इंचाची पट्टी हाडाच्या पलीकडे हवेत लोंबणार आणि बाहीला घेऊन खाली जाणार. छाती कितीही आवळा, ती तिथेच.

कोणतं माप चुकलंय हे कपड्यावरून ओळखता येतं. बाहीची शिवण हाडाच्या टोकाच्या पलीकडे दंडावर असेल तर तीरा मोठा आहे. शिवण हाडावर बरोबर बसली आहे, पण काखेपाशी कपडा गोळा होतो, तर मुंढा खोल गेलाय किंवा छातीत सैलपणा जास्त झालाय. आणि शिवण उभं असताना जागेवर, पण चालताना गळ्यासकट सगळंच घसरतं, तर गळा रुंद झालाय. वहिनींचं पहिलं होतं, आणि जरा तिसरंही. तिसऱ्याबद्दल पुढे सांगते.

टिकली, साखळी आणि सेफ्टी पिन

एकटीने तीरा मोजायची माझी पद्धत अशी आहे की हाडं शोधायचं काम आणि मोजायचं काम वेगळं करायचं. शोधताना हात हलू दे, मोजताना हलता कामा नये.

अंगाला घट्ट बसणारा पातळ बनियन किंवा टी-शर्ट घाला. आत तीच ब्रा, जी या ब्लाउजखाली घालणार आहात. साधी आणि पॅडची यांत छातीचं माप अर्ध्यापासून एक इंचापर्यंत बदलतं. मग गळ्यात एक बारीक, सुटी पडणारी साखळी घाला. मंगळसूत्र नको, त्याच्या वाट्या खाली ओढतात. साखळी आपोआप मानेच्या बुडाशी बसते. ती खांद्याच्या वरच्या धारेला जिथे ओलांडते, तो मानेचा बिंदू.

आता उजवा हात बाजूला जमिनीला समांतर उचला. खांद्याच्या शेवटी एक लहानसा खळगा पडतो. डाव्या हाताचं बोट त्या खळग्यात ठेवा आणि बोट न हलवता उजवा हात सावकाश खाली सोडा. बोटाखाली हाडाची कडा लागेल. तिथे टिकली चिकटवा. होय, कपाळाची टिकली. पेनाची खूण बनियनवर सरकते, टिकली कातडीला धरून राहते, म्हणून बनियनची पट्टी जरा बाजूला करून ती थेट खांद्यावर लावा. दुसरी बाजूही तशीच. मागे मान पुढे वाकवली की जो मणका सर्वात वर येतो, तिथे बनियनला एक सेफ्टी पिन लावा. मान सरळ केल्यावर पिन त्या मणक्यावरच आहे ना, बोटाने पाहा. बनियनचा गळा मागे खोल असेल तर पिन लावायला जागाच मिळत नाही, म्हणून उंच गळ्याचा टी-शर्ट बरा.

टेपचं शून्याचं टोक त्या पिनेत अडकवा. टेप उजव्या खांद्यावरून पुढे आणा. उजवा हात सुटा खाली, तळवा मांडीपाशी. डाव्या हाताने समोरून टेप टिकलीपर्यंत हलकेच ताणा आणि टिकलीच्या मध्यावर अंगठ्याच्या नखाने टेप चिमटीत पकडा. मग चिमूट न सोडता टेप काढून समोर आणा आणि वाचा. आरशात वाचायला जाऊ नका, आकडे उलटे दिसतात आणि मान वळते. डाव्या बाजूला तसंच, उजव्या हाताने.

वहिनींचं उजवीकडे ७ आलं, डावीकडे ६⅞. मिळून १३⅞, म्हणजे १४ ला एक सूत कमी. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडचे मास्टरजी पाव इंचाला दोन सूतच म्हणतात.) उजव्या हाताने पिशवी उचलणाऱ्यांचे खांदे असे थोडे असमान असतातच, त्यात काही विशेष नाही. मी तीरा १४ धरला. मग साखळीच्या बिंदूपासून टिकलीपर्यंत खांद्याची लांबी दोन्हीकडे ४½ आली, म्हणजे ते त्यांचं जुनं माप खरं होतं. पुन्हा वजाबाकी: १४ वजा ९, उरले ५. आता मान मानेसारखी झाली.

सगळी मापं तीनदा घ्यायची, टेप पूर्ण काढून पुन्हा लावून. तीन आकडे दोन सुतांच्या आत असतील तर मधला घ्या. अर्धा इंच फरक पडत असेल तर सरासरी काढून उपयोग नाही, बिंदू हलतोय असं समजा आणि टिकलीपासून पुन्हा सुरुवात करा.

रुंद गळ्याचा सापळा

खांद्याची लांबी ४½ मिळाली म्हणून ब्लाउजच्या खांद्याची पट्टी ४½ ठेवायची नाही. ही चूक बरोबर मापं घेणाऱ्यांकडूनही होते. ते ४½ मानेच्या बुडापासून आहेत, आणि साडीवरच्या ब्लाउजचा गळा मानेच्या बुडापाशी कुठे असतो? वहिनींच्या गळ्याची रुंदी मधल्या रेषेपासून ३ इंच होती. निम्मा तीरा ७, त्यातून ३ गेले, तर पट्टी उरते ४. तीच पट्टी ४½ ठेवली असती तर टोक साडेसातवर गेलं असतं आणि बाही पुन्हा दंडावर. रुंद गळ्याचा ब्लाउज अंगावर गेल्यावर आणखी थोडा उघडतो, कारण वरून त्याला धरायला काही नसतं. म्हणून मागे-पुढे दोन्हीकडे रुंद आणि खोल गळा असेल तर मी निम्म्या तीऱ्यातून दोन सूत आणखी कमी करते. बंद गळ्याच्या कुर्त्याला असं काही करायचं नाही. तिथे तीरा आहे तेवढाच ठेवा, नाहीतर हात पुढे नेताना पाठ ताणली जाईल.

डोरीबद्दल एक सांगते, वहिनींना आवडलं नाही तरी. डोरीने गळा आवळला जातो, खांद्याचं टोक आत येत नाही. नटायला हवी असेल तर लावा.

छाती: टेप मागे कुठे आहे?

वहिनींची छाती मुळात बरोबर होती हे गमतीचं, कारण त्यांनी बदललं ते नेमकं तेच माप. तरी पुन्हा पाहिलं.

छातीच्या मापात एकटीची अडचण अशी की मागे टेप कुठे आहे ते दिसत नाही. लोक म्हणतात तिरकी टेप म्हणजे माप मोठं येतं. नेहमी नाही. पाठीवरच्या दोन चपट्या हाडांच्या खाली टेप उतरली तर तिथे पाठ बारीक होत जाते आणि माप उलट कमी येतं. वर चढून त्या हाडांवर बसली तर जास्त. त्यामुळे अंदाजाने इंच मिळवून-वजा करून दुरुस्ती होत नाही. टेप सपाटच हवी.

त्यासाठी टेप समोर छातीच्या सर्वांत उंच जागेवरून फिरवून कपड्यांच्या चिमट्याने अडकवायची आणि दोन्ही हात खाली सोडायचे. मोबाइल छातीच्या उंचीवर कपाटावर ठेवून टायमर लावा, एक फोटो बाजूने आणि एक मागून. फोटोत टेप फरशीच्या रेषेला समांतर दिसली पाहिजे. खिडकीची चौकट किंवा दाराची कड मागे असेल तर तुलना सोपी. मोबाइल खालून वर रोखलेला असेल तर सपाट टेपही तिरकी दिसते, म्हणून उंची महत्त्वाची. नीट झाल्यावर साधा श्वास सोडलेला असताना चिमट्यापाशी वाचा. छाती फुगवून नाही, पोट आत ओढून नाही.

दोन बोटं टेपखाली घालून मोजायची सवय असेल तर सोडा. दोन बोटं म्हणजे साधारण एक इंच सैलपणा, आणि मग बेतताना आपण ब्लाउजला एक-दीड इंच सैलपणा पुन्हा देतो. दोनदा दिलेला सैलपणा कपड्यात नेमका कुठून आला ते नंतर सापडत नाही. अंगाचं माप अंगाचं ठेवा: टेप टेकलेली, पण मांसात रुतलेली नाही. सैलपणा फक्त कागदावर द्या.

वहिनींची छाती तीनदा ३६, ३६¼, ३६ आली. आणखी एक माप घेतलं जे त्यांच्या वहीत नव्हतंच: काखेखालून छातीच्या वरच्या भागाचा घेर, ३३½. हे छातीपेक्षा अडीच इंच कमी. म्हणजे त्यांची हाडं लहान आणि छाती भरलेली. पुस्तकातल्या मापांच्या तक्त्यात ३६ छातीसमोर जो तीरा लिहिलेला असतो तो मधल्या बांध्याचा असतो, यांच्या हाडांना तो मोठा होणार. छाती आणि वरची छाती यांत दोन इंचांहून जास्त फरक असेल तर तक्त्यातला तीरा घेऊच नये, स्वतःचाच मोजावा. जास्तीची छाती टक्समध्ये सामावते, खांद्यात नाही.

तीन कमरा

वहीतली कंबर ३३ होती. मी कंबरेला पातळ इलॅस्टिक बांधलं, वहिनींना दोन-तीनदा डावी-उजवीकडे वाकायला लावलं, इलॅस्टिक सरकत सरकत जिथे अंग मुडपतं तिथे जाऊन बसलं. तिथे माप ३१. ३३ कुठून आले? परकराची नाडी बांधतात तिथून, जवळजवळ दोन इंच खाली. साडी नेसणाऱ्या बायकांच्या डोक्यात कंबर म्हणजे नाडीची जागा, आणि त्यात चूक काही नाही, परकर शिवायचा असेल तर तेच माप लागतं. कुर्त्याला मात्र ३१ वालीच कंबर हवी, नाहीतर कमरेचा आकार खाली उतरून पोटावर बसतो.

आणि ब्लाउजच्या मापात शिंपी 'कमर' म्हणतो ती तिसरीच. ती छातीच्या खाली, जिथे ब्लाउज संपतो तिथला घेर. वहिनींची ती २९½. वहीत तिन्ही नावं वेगळी लिहा: नाडी, कंबर, ब्लाउजची पट्टी. माप सकाळी पोह्यांच्या आधी घेतलं तर बरं. त्यांचीच कंबर संध्याकाळी ३२ आली, इंचाचा फरक. घट्ट कुर्ता शिवणार असाल तर मोठंच माप धरा, कारण लग्नाच्या पंगतीत तो घालणार आहात.

इलॅस्टिक लगेच काढू नका, सीटसाठी लागेल.

सीट

पाय जुळवून उभं राहा. टेप इलॅस्टिकपासून इंच-इंच खाली सरकवत जा आणि सर्वांत मोठा आकडा कुठे येतो ते बघा. तो आकडा आणि इलॅस्टिकपासूनचं अंतर, दोन्ही लिहा. वहिनींचं ३९, कमरेपासून ८ इंच खाली. कुणाचं ७ वर येतं, कुणाचं ९ वर, आणि पोट मोठं असेल तर सर्वांत मोठा घेर बराच वर असू शकतो. अंतर न लिहिता नुसता ३९ लिहिला तर कुर्त्याचा कट, म्हणजे बाजूची चीर, कुठून सुरू करायची ते कळत नाही. मग चीर सीटच्या वर उघडते आणि दोन्ही पदर बाजूला फाकतात.

मग खुर्चीत बसून तेच माप घ्या. वहिनींचं बसल्यावर ४१ झालं. सरळ, चीर नसलेला कुर्ता किंवा स्कर्ट शिवायचा असेल तर सैलपणा या ४१ ला पुरला पाहिजे. चिरेच्या कुर्त्याला ३९ चालतं.

टेपही तपासा

हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. स्टीलची एक फुटाची पट्टी घेऊन टेपचे पहिले १२ इंच, मधले १२ आणि शेवटचे १२ तिच्याशी लावून पाहा. माझी जुनी कापडी टेप ३६ इंचांमागे तीन सूत ताणली गेली होती, आणि मला ती कित्येक वर्षं कळलीच नाही. कारण असं, की त्याच टेपने अंग मोजलं आणि त्याच टेपने कपडा बेतला तर चूक आपोआप फिटते. फसगत होते ती बहिणीने फोनवर कळवलेल्या मापावर बेतलं, किंवा छापील पॅटर्न वापरला की. टेपच्या टोकाची पत्र्याची टोपी निघाली असेल तर टेप तिथे आखूड होते, तेव्हा १० च्या आकड्यापासून मोजा आणि १० वजा करा. राजवाड्याच्या गल्ल्यांत फायबरची टेप अगदी स्वस्तात मिळते, जुन्यावर प्रेम असू नये.

कच्चा ब्लाउज

माहेश्वरीला हात लावण्याआधी जुन्या सुती चादरीतून एक कच्चा ब्लाउज बेतला. छाती ३६ अधिक दीड इंच, निम्मा तीरा ७ वजा दोन सूत, गळा ३, म्हणजे खांद्याची पट्टी ३¾. बाही नाही, फक्त मोठ्या टाक्यांनी खांदे आणि बाजू. घातल्यावर मुंढ्याची कड टिकलीपाशी यायला हवी होती. उजवीकडे नेमकी आली. डावीकडे एक सूत बाहेर, तेच जे मोजताना दिसलं होतं. सुताभराने बाहीत फरक पडत नाही, सोडून दिलं. दोन्ही हात पुढे करून मशीनवर बसल्यासारखं करून पाहिलं, पाठ ताणली गेली नाही.

जुन्या ब्लाउजांपैकी पहिला वाचला. बाही वरून, खांद्याच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच उसवली, खांद्याच्या टोकाला एक इंच आत खूण केली. तो एक इंच म्हणजे हाडापर्यंतचा पाऊण आणि गळ्यासाठीचे दोन सूत. ती खूण मुंढ्याच्या मध्यापर्यंत शून्यावर उतरवत नेली, तेवढं कापलं आणि बाही पुन्हा जोडली. फक्त वरचा भाग. काखेकडे कात्री नेली तर मुंढा मोठा होऊन हात उचलताना सगळा ब्लाउज वर येतो. दुसऱ्यात, ज्यात छाती ३५ केली होती, बाजूला दाब फक्त अर्धा इंच ठेवला होता. तो उसवून एक इंच सैल मिळायला प्रत्येक शिवणीत पाव इंच सोडावा लागला आणि उरलेल्या पाव इंचावर शिवण टिकेल याची मला खात्री नाही, तसं मी वहिनींना सांगितलं. त्या तो घरी घालतात. तिसऱ्याची डोरी त्यांनी काढली नाही.

एका बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. पाठीला बाक असेल किंवा एक खांदा दुसऱ्यापेक्षा अर्धा इंचाहून जास्त खाली असेल, तर मानेपासून कमरेपर्यंतची पाठीची लांबी एकटीने मोजू नका. ती मोजायला वाकावं लागतं आणि वाकलं की ती बदलते. घरातल्या कुणाला तरी टेपचं खालचं टोक इलॅस्टिकवर धरायला सांगा. वहिनींच्या घरी ते काम त्यांच्या नवव्या इयत्तेतल्या मुलाने केलं, दोन मिनिटं वैतागून.

माहेश्वरीचा ब्लाउज मंगळागौरीच्या आदल्या दिवशी शिवून झाला. वहीत आता तीऱ्यासमोर १४ आहे, खाली तारीख आहे, आणि १५½ वर पेनाने काट मारलेली आहे. छाती आणि कंबर त्या दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजणार आहेत. तीऱ्याला तेवढं लागत नाही, हाडं त्यांची पन्नाशीपर्यंत तरी तिथेच राहतील.